पैसे कटले, पण दुकानदाराला पोचले नाहीत

“पैसे कटले म्हणजे दुकानदाराकडं गेलेच. नाही म्हणत असन, तर खोटं बोलून राहिला.”

असं नसतं. यूपीआयमध्ये आधी तुमची बँक तुमच्या खात्यातून रक्कम वजा करते, मग यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआय या संस्थेमार्फत दुकानदाराच्या बँकेला जमा करण्याचा निरोप जातो. ही दोन वेगळी कामं आहेत. दुसऱ्या बँकेचं उत्तर वेळेत आलं नाही, तर पहिलं झालेलं असतं आणि दुसरं अधांतरी. दुकानाचा साउंडबॉक्स गप्प राहतो. दुकानदाराकडं रक्कम आलेलीच नसते, मग तो परत कुठून देणार?

समजा, यवतमाळकडच्या एखाद्या कृषी केंद्रात 8 जूनला बियाण्याचे 1,740 रुपये कटले आणि दुकानात पोचले नाहीत. रिझर्व्ह बँकेच्या 2019च्या नियमानुसार ते 13 जूनपर्यंत, म्हणजे व्यवहारानंतर 5 दिवसांत, आपोआप परत यायला हवेत. पुढं उशिराच्या दर दिवसाला बँकेनं 100 रुपये भरपाई द्यायची, तीही न मागता. हे बहुतेकांना माहीतच नसतं, याचं वाईट वाटतं. रक्कम दुकानाला नाही, माणसाच्या खात्यावर पाठवली असेल तर मुदत एकच दिवस.

व्यवहार ‘Pending’ दिसत असेल तर लगेच दुसऱ्यांदा पाठवू नका. पहिली रक्कम नंतर पोचू शकते. ॲपमधला 12 आकडी यूटीआर क्रमांक लिहून ठेवा आणि तक्रार त्याच व्यवहारावरून करा. इंटरनेटवर सापडलेल्या ‘कस्टमर केअर’ नंबरावर मात्र फोन करू नका. परताव्यासाठी पिन कधीच लागत नाही.