तो सीन कुठे गेला? टीव्हीवरच्या कात्रीची पार्श्वभूमी

उन्हाळ्यात अमळनेरला आमच्याकडे जेवणं उरकली की सगळं घर टीव्हीसमोर बसतं. लंडनला राहणारा माझा मावसभाऊ सुट्टीला आला होता आणि त्याने तिथल्या टीव्हीवर रात्री दहाला पाहिलेलाच एक चित्रपट लागला होता. मध्येच पार्श्वसंगीत तुटलं आणि पात्रं एकदम दुसऱ्या खोलीत दिसली. तो आईकडे वळून म्हणाला, "मावशी, तो सीन कुठे गेला?" उत्तर द्यायचं तर थोडं मागे जावं लागतं.

१९५२च्या सिनेमॅटोग्राफ कायद्यातलं प्रमाणपत्र मुळात थिएटरसाठी होतं. 'ए' चित्रपटाला अठरा वर्षांखालच्या मुलाला दारावरच अडवायचं, ही त्यामागची व्यवस्था. घरातल्या टीव्हीला असा डोअरकीपर नाही. नव्वदीच्या सुरुवातीला आमच्या गल्लीतला केबलवाला रात्री स्वतःच्या चॅनेलवर कॅसेट लावून द्यायचा आणि तिचं प्रमाणपत्र कुणी विचारत नसे. पुढे १९९५चा केबल कायदा आला. त्याच्या नियमांतली कार्यक्रम संहिता सांगते, की 'अनिर्बंध सार्वजनिक प्रदर्शनास' योग्य नसलेला कार्यक्रम केबलवर दाखवू नये. म्हणजे 'यू' आणि 'यूए' चालतील, 'ए' नाही. तरी चॅनेलं रात्री 'ए' चित्रपट दाखवतच राहिली.

मुंबईच्या प्राध्यापिका प्रतिभा नैथानी यांनी २००४मध्ये मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका केली, ती याच मुद्द्यावर. न्यायालयाने टीव्हीवरच्या 'ए' चित्रपटांना मनाई केली. ऑगस्ट २००६मध्ये केंद्र सरकारने नियमच बदलला: चित्रपट असो, गाणं असो की ट्रेलर, टीव्हीवर दाखवायचं तर अनिर्बंध प्रदर्शनाचं प्रमाणपत्र हवं. तेव्हापासून 'ए' चित्रपटाला टीव्हीवर यायची एकच वाट उरली. निर्मात्याने सीन कापायचे, संवाद म्यूट करायचे आणि ही नवी प्रत पुन्हा सेन्सॉर बोर्डाकडे नेऊन 'यूए' मिळवायचं. टीव्हीवर आपण पाहतो ती ही दुसरी प्रत.

ब्रिटनमध्ये हाच प्रश्न घड्याळाने सोडवला आहे. तिथे प्रौढांसाठीचे कार्यक्रम रात्री नऊ ते पहाटे साडेपाच या वेळेत लावतात. काय दाखवायचं ते वाहिनी ठरवते, जबाबदारीही तिचीच, आणि ऑफकॉम ही नियामक संस्था तक्रार आली की प्रक्षेपणानंतर तपासते. माझ्या भावाने दहाला पाहिलेला सीन त्या वेळेत बसत होता. आपल्याकडे मध्यरात्र झाली तरी न कापलेला 'ए' चित्रपट लावता येत नाही.

कात्री लागूनही काम भागतंच असं नाही. 'द डर्टी पिक्चर'ला थिएटरसाठी 'ए' होतं. टीव्हीसाठी त्यात पन्नासहून अधिक काटछाटी झाल्या आणि 'यूए' मिळालं. २२ एप्रिल २०१२, रविवारी तो दाखवण्याच्या जाहिरातीही झाल्या होत्या. ऐन वेळी माहिती व प्रसारण मंत्रालयाने तो रात्री अकरानंतर लावायला सांगितलं आणि वाहिनीने त्या दिवशीचं प्रक्षेपणच रद्द केलं. एका सरकारी मंडळाने योग्य ठरवलेली प्रत मंत्रालयाला दिवसा नको होती. मला यात सर्वांत खटकतं ते हे, की एवढ्या काटछाटीनंतरही प्रमाणपत्राच्या शब्दावर कुणाला विसंबता आलं नाही.

घरी बसून कात्री ओळखायची तर कान उघडे ठेवावेत. संगीताची ओळ अर्ध्यावर उडते, खोलीतला आवाज क्षणात बदलतो, ओठ हलतात पण शब्द येत नाही. नुसती मिनिटं मोजू नयेत. चित्रपट सेकंदाला २४ चौकटींनी चालतो आणि आपल्याकडचं टीव्ही प्रक्षेपण २५ने. त्यामुळे तोच चित्रपट थोडा वेगाने धावतो आणि १५० मिनिटांचा १४४ मिनिटांत संपतो. ही सहा मिनिटं कुणी कापलेली नसतात. ती कापलीच आहेत, असं मावसभाऊ धरून बसला होता. तिकडच्या टीव्हीवरही चित्रपट याच वेगाने धावतो, हे सांगितल्यावर त्याला पटलं.

२०२३च्या दुरुस्तीने टीव्हीसाठी वेगळ्या प्रमाणपत्राची तरतूद थेट कायद्यातच आणली, आणि 'यूए'चे सात, तेरा व सोळा वर्षांवरचे असे तीन टप्पे केले. हे चांगलं झालं. पण बोर्डाने सुचवलेल्या काटछाटीची नोंद प्रमाणपत्राच्या दुसऱ्या भागात असते आणि पडद्यावर आपल्याला पहिलाच भाग दिसतो, तोही काही सेकंद. प्रत टीव्हीसाठी संपादित आहे आणि तिच्यातून किती मिनिटं काढली, एवढी एक ओळ तिथे हवी. मग आईला त्या रात्री भावाला उत्तर देता आलं असतं.