ई-वे बिलाचा ओटीपी मालकाच्या मोबाईलवर, आणि गाडी गेटवर उभी

आमच्याकडून ई-वे बिलं बनवून घेणाऱ्या व्यापारी आणि कारखानदार ग्राहकांसाठी

१ एप्रिल २०२५ पासून ई-वे बिलाच्या पोर्टलवर सगळ्यांनाच लॉगिन करताना पासवर्डनंतर ओटीपी द्यावा लागतो. आधी हे फक्त मोठ्या उलाढालीच्या धंद्यांना होतं. तेव्हापासून रोज एक प्रश्न येतो: पासवर्ड आहे ना, मग वर हा कोड कशाला?

तुमचा पासवर्ड कोणाकोणाला माहीत आहे ते एकदा आठवून बघा. दिवाणजी, गोडाऊनचा मुलगा, मागच्या वर्षी सोडून गेलेला ऑपरेटर, शिवाय तो व्हॉट्सॲपवरही कधीतरी फिरलेला असतो. पासवर्ड एकदा बाहेर गेला की कोणीही, कुठूनही, तुमच्या जीएसटी नंबरवर बिल फाडू शकतो आणि उत्तर मागायला अधिकारी तुमच्याकडे येतात. कोड मात्र नोंदवलेल्या सिमवरच येतो आणि थोड्याच वेळात बाद होतो. म्हणजे पासवर्ड चोरला तरी तेवढ्यावर काम होत नाही, फोनही हातात लागतो.

यातली एक खूण लक्षात ठेवा. कोड येतो तो पासवर्ड बरोबर टाकल्यावर. तुमच्यापैकी कोणीच लॉगिन करत नसताना कोड आला, तर तुमचा पासवर्ड दुसऱ्या कोणाच्या तरी हातात आहे. तो मेसेज पुसून गप्प बसू नका, लगेच पासवर्ड बदला. आणि पाठोपाठ "जीएसटी ऑफिसातून बोलतोय, आलेला कोड सांगा" असा फोन आला तर सांगू नका. सांगितलात की दुसरं कुलूपही तुम्हीच उघडून दिलंत.

आता ज्या चुकीत सगळ्यांचा वेळ जातो ती. एकच मेन लॉगिन दुकान, गोडाऊन आणि आमचं कार्यालय, तिघं मिळून वापरतात. ओटीपी जातो मालकांच्या फोनवर, आणि मालक लग्नात, विमानात नाहीतर झोपेत.

उदाहरण घ्या. स्वतःच्या टेंपोतून इचलकरंजीहून भिवंडीला माल निघाला, अंतर ४०० किलोमीटरच्या आत. दर २०० किलोमीटरला एक दिवस, म्हणून बिलाला दोन दिवस मिळाले. सोमवारी संध्याकाळी ७ ला केलेलं बिल बुधवारी रात्री १२ ला संपतं. वाटेत गिअरबॉक्स गेला, पार्ट यायला वेळ लागला. मुदत वाढवायची तर ती संपण्याच्या ८ तास आधीपासून ८ तास नंतरपर्यंतच वाढते, म्हणजे बुधवारी दुपारी ४ ते गुरुवारी सकाळी ८. ड्रायव्हर पहाटे ५ ला फोन करतो, हातात तीन तास असतात. पासवर्ड आमच्याकडे आहे, पण मालकांचा फोन ९ ला सुरू होतो. तोवर मुदत वाढवायची वेळ टळलेली असते.

यावर उपाय पोर्टलवरच आहे: सब-युजर. मेन लॉगिनमधून `User Management` मध्ये `Create Sub-User` उघडायचं, नाव आणि त्या माणसाचा स्वतःचा मोबाईल नंबर द्यायचा, कोणती कामं करता येतील ते निवडायचं. त्याचा ओटीपी त्याच्याच फोनवर जातो, मालकांना उठवावं लागत नाही. शिवाय कोणतं बिल कोणी केलं तेही कळतं, जे एका लॉगिनमध्ये कधीच कळत नाही.

म्हणूनच आम्ही मेन लॉगिनचा ओटीपी फोनवर विचारणं बंद केलंय. काहींना हा आडमुठेपणा वाटतो. पण आज आम्ही विचारला तर उद्या आमचं नाव सांगून दुसरा विचारेल, आणि तुम्हाला फरक कळणार नाही. आमच्या नावाचा सब-युजर करून दिलात तर कोड आमच्या कार्यालयाच्या मोबाईलवर येतो. आमचं काम पसंत पडलं नाही तर `Freeze Sub-User` करून एका मिनिटात आम्हाला बाहेर काढा. नोकरी सोडलेल्या माणसासाठीही हेच, आणि त्याच दिवशी.

कोड यायला उशीर झाला तर भराभर पुन्हा-पुन्हा मागवू नका. चार मेसेज एकदम येतात आणि नेमका जुना टाकला जातो. थोडं थांबा, पुन्हा मागवावाच लागला तर शेवटचा वापरा. गोडाऊनला रेंजच नसेल तर पोर्टलवरून मिळणारं `NIC-GST-Shield` ॲप घ्या. त्यातला कोड मेसेजशिवाय, फोनवरच तयार होतो आणि दर ३० सेकंदांनी बदलतो. फक्त फोनचं घड्याळ बरोबर हवं. ते मागेपुढे असेल तर दिसणारा कोड पोर्टल स्वीकारत नाही.

जीएसटीला नोंदवलेलं सिम बंद करणार असाल तर आधी नवा नंबर जीएसटी पोर्टलवर नोंदवा, मग ई-वे बिलाच्या पोर्टलवर आणा, आणि सिम सगळ्यात शेवटी सोडा. उलट्या क्रमाने गेलात तर मेन लॉगिनच हातातून जातं.

सब-युजर करायला मेन लॉगिनचा फोन घेऊन कार्यालयात या, अर्ध्या तासाचं काम आहे. वार्षिक कामाच्या ग्राहकांना त्याचे वेगळे पैसे नाहीत. महिनाअखेरीला मात्र येऊ नका, तेव्हा टेबलाशी बसायला जागा नसते.