पार्श्वभूमी: मालवणी मजकूर आणि प्रमाण मराठीवर शिकलेले डिटेक्टर

एखादा मजकूर माणसाने लिहिला की यंत्राने, हे सांगणारे डिटेक्टर आता कॉलेजांत आणि संपादकांच्या टेबलावरही वापरले जातात. त्यांच्यापुढे मालवणीत लिहिलेली गोष्ट ठेवली तर जो आकडा येतो, त्यातून लेखकाबद्दल फारच थोडे कळते. ते लेखन प्रमाण मराठीपासून किती लांब आहे, एवढेच तो प्रामुख्याने मोजत असतो. असे का होते हे समजायला छापील मराठीपासून सुरुवात करावी लागते.

मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली निघाला आणि दादोबा पांडुरंगांचे व्याकरण १८३६ साली. शाळेची पुस्तके, सरकारी कागद आणि वर्तमानपत्रे यांतून पुण्याकडच्या शिक्षित वर्गाची भाषा छापील मराठीचा नमुना ठरत गेली. पुढे मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम १९६२ साली राज्य सरकारने स्वीकारले आणि १९७२ मध्ये त्यांत आणखी चार नियमांची भर पडली. 'असं केलं', 'मी म्हटलं' अशी बोलण्यातली रूपे पात्रांच्या तोंडी घालायला या नियमांनी मुभा दिली आहे. ही मुभा चांगलीच होती, पण तिच्याबरोबर एक सवय घट्ट झाली. निवेदन प्रमाण भाषेत आणि बोली अवतरणचिन्हांत, अशीच बहुतेक कथा-कादंबऱ्यांची मांडणी राहिली. पानेच्या पाने बोलीत लिहिलेले गद्य छापून आले, पण प्रमाण मराठीच्या ढिगापुढे ते अगदीच थोडे आहे.

भाषेची यंत्रे शिकवायला मजकूर गोळा होऊ लागला तेव्हा हाच ढीग हाताशी होता. पुण्यातल्या 'एल-थ्री-क्यूब' गटाने तयार केलेल्या 'महाकॉर्पस'मध्ये सुमारे २ कोटी ४८ लाख वाक्ये आहेत आणि त्यांतला मोठा वाटा बातम्यांचा आहे. बातमीची मराठी सिंधुदुर्गातून आली काय आणि बुलढाण्यातून आली काय, सारखीच असते.

इंटरनेटवरून उचललेल्या मजकुराला तर आणखी दोन चाळण्यांतून जावे लागते. २०१९ मध्ये फेसबुकच्या संशोधकांनी मांडलेली 'सीसीनेट' ही पद्धत त्याचा स्वच्छ नमुना आहे. पहिली चाळणी भाषा ओळखते आणि पुरेशी खात्री नसलेले पान टाकून देते. दुसरी चाळणी ते पान त्या भाषेच्या विकिपीडियाशी किती जुळते हे मोजते आणि त्यावरून पानाला वरचा, मधला किंवा खालचा गट देते. मराठीसाठीही ही मोजपट्टी तयार केली गेली. मालवणीतले पान पहिल्या चाळणीतच अडखळते. 'माका', 'तुका', 'खंय' ही रूपे गोव्याच्या कोकणीतही आहेत. कोकणी १९९२ साली आठव्या अनुसूचीत आली आणि तिचे देवनागरीतले लेखन स्वतंत्रपणे वाढले. त्यामुळे भाषा ओळखणाऱ्या यंत्रापुढे मराठी आणि कोकणी असे दोन कप्पे असतात, मालवणीचा नसतो. यंत्राची खात्री दोन्हींत वाटली जाते आणि पान वगळले जाण्याची शक्यता वाढते. ते मराठीच्या कप्प्यात टिकले, तरी विकिपीडियाशी न जुळल्यामुळे खालच्या गटात जाते.

डिटेक्टर या सगळ्यानंतर आले. २०१९ मध्ये आलेल्या 'जीएलटीआर' या साधनाने एक सोपी कल्पना रुजवली. यंत्र पुढचा शब्द शक्यतेनुसार निवडते, म्हणून त्याच्या लेखनात अनपेक्षित शब्द कमी असतात. भाषेच्या मॉडेलला एखादा मजकूर सरासरी किती अनपेक्षित वाटला, या मापाला परप्लेक्सिटी म्हणतात. ती कमी तर यंत्राचा संशय, जास्त तर माणूस. २०२३ पासून गाजलेल्या अनेक साधनांचा पाया हाच आहे. त्याच वर्षी स्टॅनफर्डमधल्या अभ्यासात इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांनी परीक्षेसाठी लिहिलेले ९१ निबंध सात डिटेक्टरांना दाखवले, तेव्हा सरासरी ६१ टक्के निबंध यंत्राचे ठरले. साधी, ठरावीक शब्दरचना त्यांना भोवली होती.

हे वाचून वाटेल की बोलीचे उलट होईल. मालवणी शब्द मॉडेलला अनोळखी, म्हणजे परप्लेक्सिटी जास्त, म्हणजे लेखक सुटला. काही साधनांत तसेच घडते. पण निकाल मॉडेल शब्दाचे तुकडे कसे करते यावरही अवलंबून असतो, आणि ही गोष्ट बहुतेक वापरणाऱ्यांना माहीतच नसते.

हे वाक्य घ्या: 'माका म्हायत नाय, तू खंय जातंस?' प्रमाण मराठीत, 'मला माहीत नाही, तू कुठे जातोस?' ज्या मॉडेलची शब्दसूची मराठीवर बेतलेली आहे, त्यात 'कुठे' हा अख्खा शब्द एक तुकडा म्हणून असतो. 'खंय' नसला तर त्याचे अक्षराएवढे तुकडे होतात आणि ते तुकडे या क्रमाने क्वचितच भेटलेले असल्याने प्रत्येकावर आश्चर्याचा आकडा चढतो. देवनागरीची फारशी सोय नसलेले मॉडेल मात्र थेट बाइटपर्यंत, म्हणजे संगणक अक्षर ज्या आकड्यांत साठवतो तिथपर्यंत, उतरते. त्याला 'खंय' असा दिसतो:

```
E0 A4 96   E0 A4 82   E0 A4 AF
```

अक्षरे साठवण्याच्या यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटचे असते. त्यांतला पहिला नेहमी `E0` आणि दुसरा `A4` किंवा `A5`. पहिल्या बाइटचा अंदाज जवळपास अचूक येतो, दुसऱ्याचाही बऱ्याचदा येतो. खरी माहिती तिसऱ्यात असते. समजा तिसऱ्या बाइटचे आश्चर्य ४ बिट आहे आणि आधीच्या दोघांचे शून्य धरले. सरासरी १.३३ बिट येते, म्हणजे परप्लेक्सिटी २ चा १.३३ वा घात, सुमारे २.५. फक्त तिसरा बाइट मोजला असता तर ती १६ आली असती. मॉडेलला शब्दाचा अर्थ कळलेला नाही, तरी सरासरीत तो शब्द अगदी अपेक्षित दिसतो. त्यात इंग्रजीवर बेतलेली मर्यादारेषा लावली तर मालवणी लिहिणाऱ्याच्या माथी यंत्राचा शिक्का बसतो. एकच गोष्ट एका साधनात माणसाची आणि दुसऱ्यात यंत्राची ठरते ती अशी.

ओपनएआयने जानेवारी २०२३ मध्ये स्वतःचा डिटेक्टर काढला, तेव्हा तो इंग्रजीसाठीच वापरावा आणि हजार अक्षरांखाली त्यावर विसंबू नये असे सांगितले होते. अचूकता कमी म्हणून त्याच वर्षी जुलैत तो मागे घेतला गेला. एवढे स्पष्ट बोलणारी साधने कमी आहेत. आकडा टक्क्यांत येतो आणि शिक्षकाला तो निकालच वाटतो.

एखादे साधन बोलीशी कसे वागते हे तपासायचे असेल तर २०१९ च्या आधी छापलेले मालवणी गद्य घ्यावे, कारण ते माणसाचेच आहे याची खात्री असते. त्याच काळातले, त्याच विषयावरचे प्रमाण मराठी गद्य शेजारी ठेवावे. दोन्हींचे निदान तीनशे-चारशे शब्दांचे पुष्कळ उतारे साधनाला द्यावेत. दोन गटांच्या गुणांत सातत्याने फरक पडला तर तो बोलीमुळे पडलेला आहे, लेखकामुळे नव्हे. मग तेच मालवणी उतारे 'खंय'च्या जागी 'खय' असे लेखन बदलून पुन्हा द्यावेत. मालवणीचे लेखन एका नियमात बसवलेले नाही, दोन्ही रूपे रूढ आहेत. तेवढ्याने गुण हलले तर त्या साधनाचा निकाल मालवणी मजकुरावर लावूच नये.

यंत्राने लिहिलेली मालवणी ओळखायची तर सध्या वाचकाचा कान अधिक उपयोगी आहे. यंत्र पुष्कळदा सर्वनाम बदलते आणि बाकीचे वाक्य प्रमाण ठेवते: 'माका माहीत नाही, तू कुठे जातोस?' पण मुंबईत वाढलेली, घरी मालवणी बोलणारी मुलगीही नेमके असेच लिहू शकते. म्हणून हा कानही पुरावा ठरत नाही. तिने लिहिलेले आधीचे खर्डे बघणे आणि तिच्याशी त्या गोष्टीबद्दल मालवणीत बोलणे, एवढाच मार्ग शिक्षकापुढे उरतो.