टिक झाली नसेल तरच पुन्हा वाजायचं

आईची बीपीची गोळी रात्री ८ ची. अ‍ॅम्लोडिपिन, दिवसातनं एकदाच. ती साताऱ्याला, मी पुण्यात. सुरुवातीला फोनचा साधा अलार्म लावून दिला होता, तर व्हायचं काय की अलार्म वाजायचा, सिरीयल चालू असायची, ती हात लांब करून तो बंद करायची आणि गोळी राहायची. विचारलं की म्हणायची, "वाजला ना, बंद केला की मी." खोटं नव्हतंच ते. अलार्मला तेवढंच कळतं, की आपण वाजलो आणि कोणीतरी गप्प केलं. गोळी पोटात गेली का नाही हे त्याच्या गावीही नसतं.

मग मी दोन सुट्ट्या घालवून तिच्यासाठी एक छोटं अ‍ॅप लिहिलं. गोळी घेतली की आईने त्यात टिक करायची, आणि त्याचा नियम एका वाक्याचा: टिक झाली नसेल तरच पुन्हा वाजायचं. हे वाक्य जितकं सोपं दिसतं तितकं नाहीये, म्हणून हा लेख.

पहिली चूक मी अशी केली की ८, ८:१५, ८:२५ असे सगळे अलार्म आधीच लावून ठेवले आणि आईने टिक केली की उरलेले रद्द करायचे असं ठरवलं. डोक्यात बरोबर वाटतं. पण रद्द करताना एखादा सुटला, मध्येच फोन रिस्टार्ट झाला वगैरे, तर टिक झाल्यावरही तो वाजणार, आणि सत्तरीच्या बाईला गोळी घेतल्यावर अर्ध्या तासाने फोन ओरडून सांगतोय गोळी घे, तर तिला स्वतःचाच संशय येणार ना, मी घेतली का नाही घेतली, आणि ती दुसरी घेऊन मोकळी होणार. म्हणजे इथे जास्तीची आठवण ही नुसती कटकट नाही, एक जास्तीची गोळी आहे.

म्हणून आता एका वेळी एकच अलार्म लावलेला असतो. तो जागा झाला की आवाज करायच्या आधी टिक बघतो, आणि टिक नसेल तरच वाजतो आणि पुढचा लावतो:

```
def on_wake(dose):
    if dose.done or now() > dose.cutoff:
        return
    ring(dose.level)
    schedule_next(dose)
```

सगळी गंमत पहिल्या `if` मध्ये आहे. निर्णय अलार्म लावताना घ्यायचा नाही, वाजताना घ्यायचा. मधल्या वेळात जग बदललेलं असू शकतं.

आता वाजल्यावर आईकडून तीन गोष्टी होऊ शकतात: "घेतली", "थांब जरा", किंवा काहीच नाही. मी आधी शेवटच्या दोन एकाच पिशवीत टाकल्या होत्या, काम झालं नाही ना, मग आवाज वाढव. पण दोन्हीत फार फरक आहे. स्नूझ दाबलं म्हणजे माणूस तिथे आहे, शुद्धीत आहे, फक्त आत्ता नको म्हणतोय. काहीच उत्तर नाही म्हणजे ती कदाचित स्वयंपाकघरात आहे, कदाचित फोन दुसऱ्या खोलीत आहे, कदाचित पडलीये. म्हणून स्नूझला पायरी चढत नाही, तेवढ्याच आवाजात १५ मिनिटांनी परत, पण तीन स्नूझ झाले की चौथं स्नूझ म्हणजे उत्तरच नाही असं धरायचं, नाहीतर लाडाने रात्र निघून जाते. शांततेला मात्र पायरी चढते.

एक संध्याकाळ सांगतो. ८:०० ला वाजलं, तिने थांब जरा केलं. ८:१५ ला वाजलं, उत्तर नाही. ८:२५ ला मोठ्याने, उत्तर नाही. ८:४० ला मला मेसेज, मी फोन केला, ती शेजारी हळदीकुंकवाला गेली होती, फोन घरी सोफ्यावर.

८:४० च का, ८:०५ का नाही, तर ते औषधावर ठरतं. अ‍ॅम्लोडिपिन शरीरातनं निम्मं व्हायला साधारण ३० ते ५० तास लागतात, त्यामुळे गोळी तासभर उशिरा झाली तर काही बिघडत नाही. अशा गोळीसाठी पाच मिनिटांत मला मेसेज पाठवला असता तर मी आठवड्याभरात तो मेसेज बघायचंच बंद केलं असतं. इन्सुलिन आणि जेवणाचं गणित असतं तर पायऱ्या वेगळ्या लावाव्या लागल्या असत्या.

अँड्रॉइडची एक भानगड इथे आडवी येते. अँड्रॉइड ६ पासून फोन चार्जिंगला नसेल, न हलता पडून असेल आणि स्क्रीन बंद असेल तर तो डोझ नावाच्या गाढ झोपेत जातो. त्या झोपेत `setExactAndAllowWhileIdle` ने लावलेला अलार्म एका अ‍ॅपला ९ मिनिटांत एकदाच मिळतो. म्हणजे तुम्ही दर पाच मिनिटांनी वाजव म्हणालात तरी सोफ्यावर पडलेला फोन ऐकेलच असं नाही. माझे टप्पे ९ मिनिटांच्या वर आहेत म्हणून निभावलं, पण नंतर मी `setAlarmClock` वर गेलो, त्याच्यासाठी फोन डोझमधनं उठतो.

मेसेजच्या शब्दांवरनंही मी एकदा आपटलो. आधी लिहिलं होतं "आईने गोळी घेतली नाही". एकदा घरचं वायफाय गेलं होतं, तिने ८:२० ला टिक केली होती, पण ती तिच्या फोनमध्येच अडकली, सर्व्हरला कुठून कळणार, त्याने ८:४० ला मला घाबरवलं. सर्व्हरला गोळीचं काहीच माहीत नसतं, फक्त टिक आली की नाही एवढं माहीत असतं. आता मेसेज असा येतो: "टिक आलेली नाही, फोन ७:५२ पासून ऑफलाइन." हे वाचून मी धावत नाही, लँडलाइनवर फोन करतो.

पण सगळ्यात वाईट बग मध्यरात्रीचा. सोमवारी पाहुणे होते, तिने सगळं पुढे ढकलत नेलं (तेव्हा तीन स्नूझची मर्यादाही नव्हती आणि रात्रीची शेवटची वेळही नव्हती), ११:५० ला शेवटचं स्नूझ, १२:०५ ला वाजलं, गोळी घेऊन १२:०६ ला टिक. मी टिक "आजच्या" तारखेखाली साठवत होतो, आणि १२:०६ ला आज म्हणजे मंगळवार. मंगळवारी रात्री ८ ला फोन जागा झाला, टिक बघितली, नियमाप्रमाणे गप्प बसला. आई म्हणाली, फोन वाजला नाही म्हणजे घेतली असेल. नोंदीत सोमवार रिकामा आणि मंगळवार हिरवा, खरं तर बरोबर उलटं. आणि रविवारी साताऱ्याला जाऊन स्ट्रिपमधल्या गोळ्या मोजल्या तर हिशोब जुळतोय, एक चुकली एक नाही, मोजून काही कळायला मार्गच नाही. सापडलं ते टिकेच्या वेळेवरून. मंगळवारच्या गोळीपुढे 00:06. रात्री ८ ची गोळी आदल्या मध्यरात्री कोण घेईल?

दुरुस्ती म्हणजे टिक तारखेला नाही, त्या त्या गोळीला चिकटवायची. सोमवारची गोळी ही एक वस्तू, स्नूझ तिचंच नाव घेऊन पुढे सरकतो, मध्यरात्र ओलांडली तरी ती सोमवारचीच. आणि ११:३० नंतर वाजणं बंद, त्या गोळीवर "राहिली" असा शिक्का, सकाळी मला एक मेसेज. राहिलेली भरून काढायला दोन एकदम घ्यायच्या नाहीत हे डॉक्टरांनी सांगितलेलंच आहे.

त्या बगमुळे मी पहिल्यांदा टिकांच्या वेळा नीट बघितल्या. जवळजवळ सगळ्या ८:१५ ते ८:२० मधल्या. ८ च्या अलार्मला रोज स्नूझ, रोज. सिरीयल ८ ला सुरू होते, पहिली जाहिरात सव्वाआठला. आता पहिला अलार्मच ८:१५ ला लावलाय.