उतारावरच्या वृत्तचितीचा हिशेब: एक तृतीयांश ऊर्जा जाते कुठे?

बारावीतली आमची शेजारीण परवा तावातावाने जिना चढून आली. नौपाड्यातल्या तिच्या क्लासने घेतलेल्या सराव परीक्षेत एका प्रश्नाचं उत्तर चुकीचं छापलंय, असं तिचं म्हणणं. "काका, घर्षणाने ऊर्जा वाया जात नाही असं सरच म्हणाले, मग वेग कमी कसा येईल?" प्रश्न साधा होता. १ किलो वस्तुमानाची भरीव वृत्तचिती ३० सेंटीमीटर उंचीच्या उतारावरून न घसरता गडगडत खाली येते, तर तळाशी तिचा वेग किती?

तिने सरळ mgh = ½mv² मांडलं होतं. उत्तर आलं सेकंदाला २.४२ मीटर, आणि पर्यायांमध्ये ते अगदी पहिल्या क्रमांकावर होतं. प्रश्न काढणारे हा सापळा मुद्दाम लावतात. उत्तरपत्रिकेतलं १.९८ हेच बरोबर आहे.

तिच्या उत्तरात काय बिनसलंय ते पाहायला तिच्याच आकड्यांचा जमाखर्च मांडू. उंचीवर असताना वृत्तचितीजवळ mgh म्हणजे २.९४ जूल स्थितिज ऊर्जा आहे. तळाशी वेग २.४२ धरला तर पुढे जाण्याची गतिज ऊर्जा बरोबर २.९४ जूल येते आणि जमाखर्च जुळल्यासारखा वाटतो. पण त्या क्षणी वृत्तचिती नुसती पुढे जात नाहीये, ती गरगर फिरतेही आहे. तिचा प्रत्येक कण अक्षाभोवती फिरतो, त्यालाही ऊर्जा लागते. भरीव वृत्तचितीचं मोमेंट ऑफ इनर्शिया ½mR² असतं आणि न घसरता गडगडताना ω = v/R. म्हणून फिरण्याची ऊर्जा येते ½Iω² = ¼mv². त्रिज्या कटून गेली, हे लक्षात घ्या. २.४२ वेगाला ही ऊर्जा भरते १.४७ जूल. एकूण झाली ४.४१. २.९४ जूल घालून ४.४१ जूल बाहेर काढणारी वृत्तचिती कोणाकडे असेल, तर तिने विजेचं बिल भरायची गरज नाही! जड चाक एकदा फिरवलं की घरभर फुकट वीज, असे व्हिडिओ सोसायटीच्या ग्रुपवर अधूनमधून फिरतात, त्यांचीही गोम हीच असते. चाकातली ऊर्जा आधी कोणीतरी त्यात घातलेली असते, ती हिशेबात दाखवलेली नसते.

खरा हिशेब असा: mgh = ½mv² + ¼mv² = ¾mv². यातून v = √(4gh/3), म्हणजे १.९८. एकूण २.९४ जुलांपैकी १.९६ पुढे जाण्यात आणि ०.९८ फिरण्यात गेले. बरोबर एक तृतीयांश.

पण पोरीचा खरा प्रश्न अजून शिल्लकच आहे. घर्षण ऊर्जा खात नाही, मग वेग कमी करतं कोण? गंमत अशी की वेग कमी करतं ते घर्षणच, आणि तरीही ते काही खात नाही. मला या प्रकरणातली ही सगळ्यात सुंदर गोष्ट वाटते.

वृत्तचितीच्या कडेवर खडूची एक खूण करा आणि ती सावकाश गडगडवा. खूण वर असताना ती केंद्राच्या दुप्पट वेगाने पुढे धावते. खाली येताना मंदावते आणि फळीला टेकते त्या क्षणी पूर्ण थांबते. केंद्र v वेगाने पुढे जातंय, फिरण्यामुळे खालची कड तितक्याच v वेगाने मागे जातेय, बेरीज शून्य. घर्षणाचं बल नेमकं या थांबलेल्या बिंदूवर लागतं. बलाने कार्य करायचं तर ते जिथे लागतं तो बिंदू हलायला हवा. तो हलत नाही, म्हणून कार्य शून्य. हे स्थितिक घर्षण आहे, ब्रेक दाबल्यावर टायर घासून तापतो तसलं नव्हे.

आता तेच बल दोन जागी काय करतं पाहा. उतारावर वरच्या दिशेने लागल्यामुळे ते केंद्राला मागे ओढतं. गणित केलं तर या बलाचं मूल्य उताराच्या दिशेने असलेल्या गुरुत्वबलाच्या बरोबर एक तृतीयांश येतं. म्हणजे केंद्राच्या पुढे जाण्याच्या खात्यातून ०.९८ जूल वजा. पण हेच बल अक्षापासून R अंतरावर लागतंय, म्हणून ते वृत्तचितीला पीळ देऊन फिरवतं आणि फिरण्याच्या खात्यात तेवढेच ०.९८ जूल जमा करतं. एका खिशातून काढून दुसऱ्या खिशात ठेवलं, एकूण रक्कम तीच. शेजारणीने दुसरा खिसा मोजलाच नव्हता.

मग २.४२ हे उत्तर कधीच बरोबर नसतं का? असतं, फळी पूर्ण गुळगुळीत असेल तर. तेव्हा वृत्तचिती फिरणारच नाही, नुसती घसरत येईल. मधली अवस्थाही असते. न घसरता गडगडायला घर्षणांक निदान tanθ/3 इतका लागतो. ३० अंशांच्या उतारावर ही गरज साधारण ०.१९ आहे, ६० अंशांवर ०.५८. उतार त्याहून तीव्र किंवा फळी तेलकट असेल तर वृत्तचिती काही फिरते, काही घसरते. मग वेग १.९८ आणि २.४२ यांच्या मधे कुठेतरी येतो आणि थोडी ऊर्जा खरोखरच उष्णता होऊन जाते. म्हणून प्रश्नातले 'न घसरता' हे दोन शब्द वाचल्याशिवाय पेन उचलू नये.

गॅलिलिओनेही उतारावर गोळेच गडगडवले होते. भरीव गोळ्याचं त्वरण घसरणाऱ्या वस्तूच्या ५/७ असतं, आणि गोळा खाचेतून धावत असेल तर त्याहूनही कमी. पण हा गुणक सगळ्या वाटभर तोच राहतो, म्हणून अंतर हे वेळेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं हा त्याचा १६३८ मध्ये छापलेला निष्कर्ष अबाधित राहिला. त्या मोजमापांतून थेट g काढायला गेलं असतं, तर मात्र आकडा कमी आला असता.

घरी पडताळून पाहायचं असेल तर एक लिटरच्या, शक्यतो सरळ गोल अंगाच्या दोन सारख्या बाटल्या घ्या. एकीत काठोकाठ पाणी भरून झाकण लावा. दुसरीत वर थोडी जागा सोडून, ती उभी ठेवून पाण्याचा बर्फ करा. फ्रीझरमधून काढल्यावर बाहेरून पुसून घ्या. दीड मीटरच्या फळीचं एक टोक ३० सेंटीमीटर उचला आणि दोन्ही बाटल्या एकदम सोडा. बर्फाला बाटलीबरोबर फिरावंच लागतं, त्यामुळे ती आपल्या वृत्तचितीसारखी वागते. पाण्याच्या बाटलीचं प्लॅस्टिक फिरतं, पण आतलं पाणी जवळजवळ न फिरता तसंच पुढे सरकतं, फक्त कडेचा मिलिमीटरभर थर ओढला जातो. पाण्याची बाटली साधारण सव्वा सेकंदात तळाला पोचते, तेव्हा बर्फाची अजून अर्धा मीटर मागे असते. वस्तुमान थोडंफार कमी-जास्त असलं तरी निकाल बदलत नाही, कारण m दोन्ही बाजूंनी कटतो.

शेजारणीने हे पाहून विचारलं, "आणि मध भरला तर?" घट्ट मध प्लॅस्टिकबरोबर ओढला जातो, म्हणून ती बाटली बर्फाच्या जवळपास रेंगाळेल. त्यात मधाचे थर एकमेकांवर घासतात, त्यामुळे थोडी ऊर्जा उष्णतेत जाईल आणि ¾mv² हे समीकरण तिथे काटेकोर लागू होणार नाही.