चार पंखांच्या माशीची पार्श्वभूमी

नाशिकमध्ये द्राक्षांचा हंगाम भरात आला की फुटलेल्या मण्यांभोवती तांबड्या डोळ्यांची बारीक चिलटे जमतात, आणि त्यांत ड्रोसोफिला हमखास सापडते. येथील विद्यार्थ्यांनी भिंगाखाली ही माशी पाहिली, तर वक्षाच्या तीन खंडांपैकी दुसऱ्या खंडावर पंखांची एक जोडी आणि तिसऱ्यावर, पंखांच्या जागी, गदेच्या आकाराचे दोन इवलेसे अवयव दिसतील. हे हॉल्टियर उडताना तोल सांभाळतात. शरीराच्या कोणत्या खंडात काय घडावे हे ठरवणाऱ्या हॉक्स जनुकांचा बराचसा इतिहास या इवल्याशा अवयवाभोवती फिरतो.

शरीराचा एक भाग दुसऱ्या भागाच्या रूपात वाढण्याच्या प्रकाराला विल्यम बेटसन यांनी १८९४ मध्ये 'होमिओसिस' हे नाव दिले. परंतु त्यांच्याजवळ होते ते विचित्र नमुन्यांचे वर्णन, आनुवंशिक कारण नव्हे. ते १९१५ मध्ये हाती लागले. कोलंबिया विद्यापीठात आनुवंशशास्त्रज्ञ थॉमस हंट मॉर्गन यांच्या प्रयोगशाळेतील कॅल्व्हिन ब्रिजेस यांना अशी माशी आढळली, जिचे हॉल्टियर काहीसे पंखासारखे झाले होते आणि हा बदल पुढच्या पिढ्यांत उतरत होता. या उत्परिवर्तनाला त्यांनी 'बायथोरॅक्स' म्हटले.

पुढची काही दशके कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये एडवर्ड लुईस यांनी या एकाच प्रश्नाला वाहिली. तिसऱ्या गुणसूत्रावर बायथोरॅक्सच्या अगदी शेजारी असलेली आणखी उत्परिवर्तने त्यांनी गोळा केली. त्यांच्या लक्षात आले की 'बायथोरॅक्स'मुळे हॉल्टियरचा फक्त पुढचा अर्धा भाग पंखात बदलतो, तर 'पोस्टबायथोरॅक्स'मुळे फक्त मागचा. पंखाच्या पुढच्या कडेला जाड राठ केसांच्या रांगा असतात आणि मागच्या कडेला मऊ लव. त्यामुळे बदललेल्या हॉल्टियरची कड पाहूनच कोणता अर्धा भाग बदलला आहे हे ओळखता येते. या दोन्हींसोबत तिसऱ्या एका संबंधित उत्परिवर्तनाची जोड देऊन लुईस यांनी पुढे बहुचर्चित ठरलेली चार पंखांची माशी घडवली. तिच्या तिसऱ्या खंडाची दुसऱ्या खंडासारखीच बांधणी झाली होती.

१९७८ मध्ये 'नेचर'मधील लेखात लुईस यांनी दोन गोष्टी मांडल्या. एक म्हणजे या जनुकांचा गुणसूत्रावरील क्रम आणि ती ज्या खंडांना वळण देतात त्यांचा शरीरातील क्रम सारखाच आहे. दुसरी म्हणजे प्रत्येक खंडासाठी वेगळे जनुक असून मागे जावे तशी कार्यरत जनुके वाढत जातात. पहिली गोष्ट पुढे उंदरातही खरी ठरली. दुसरी मात्र सुधारावी लागली, आणि ती सुधारणा मला या साऱ्या कथेतील सर्वांत बोधक वाटते.

१९८३ च्या सुमारास वेल्कम बेंडर, डेव्हिड हॉगनेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा भाग डीएनएच्या पातळीवर वाचला, तेव्हा 'बायथोरॅक्स' आणि 'पोस्टबायथोरॅक्स' ही स्वतंत्र जनुके नव्हती असे उलगडत गेले. ते एकाच अल्ट्राबायथोरॅक्स जनुकाच्या नियंत्रक भागांतील बिघाड होते. एका प्रकारात उड्या मारणारा डीएनएचा तुकडा जनुकाच्या आत येऊन बसला होता, तर दुसऱ्यात जनुकाच्या सुरुवातीआधीचा तुकडा गळाला होता. प्रथिन शाबूत होते. ते कोणत्या पेशींत तयार व्हावे याची सूचना तेवढी हरवली होती. १९८५ पर्यंत स्पष्ट झाले की शेजारी-शेजारी असलेल्या जनुकांच्या या संपूर्ण संकुलात प्रथिन घडवणारी होमिओटिक, म्हणजे खंडाची ओळख ठरवणारी, जनुके तीनच आहेत, आणि बाकीचे काम लांबलचक नियंत्रक पट्टे करतात. जनुकच निकामी झाले तर त्याच्या दोन्ही प्रती बिघडलेली माशी प्रौढावस्थेपर्यंत पोहोचतच नाही; एकच प्रत बिघडली, तर हॉल्टियर किंचित मोठा होतो.

उलट दिशेचा बिघाड अँटेनापीडिया या उत्परिवर्तनात दिसतो. तेथे वक्षाचे जनुक डोक्यात चालू होते आणि स्पर्शिकेच्या जागी पाय उगवतो. या जनुकांचा अभ्यास करताना १९८४ मध्ये बासेल येथील वॉल्टर गेरिंग यांच्या गटाने आणि अमेरिकेत मॅथ्यू स्कॉट व एमी वायनर यांनी त्यांच्यात १८० अक्षरांचा एक समान तुकडा, म्हणजे होमिओबॉक्स, असल्याचे दाखवले. त्यापासून होणारा साठ अमिनो आम्लांचा भाग डीएनएला चिकटतो आणि इतर जनुके चालू-बंद करतो.

चार पंखांच्या माशीकडे पाहून ती चार पंखांच्या पूर्वजांकडे परतली, असे समजण्याचा मोह होतो, आणि लुईस यांचाही कल तिकडे होता. पण मागचे दोन पंख चांगले वाढवणाऱ्या फुलपाखरातही अल्ट्राबायथोरॅक्स त्याच मागच्या पंखांत चालू असते. म्हणजे हे जनुक 'पंख नको' असे सांगत नाही, तर 'तिसऱ्या खंडाचा पंख' असे सांगते. त्याचा अर्थ माशीत हॉल्टियर होतो आणि फुलपाखरात मागचा पंख, कारण त्याच्या हुकुमाखालची जनुके दोघांत वेगळी आहेत. शिवाय चार पंखांच्या माशीच्या तिसऱ्या खंडात उड्डाणाचे स्नायू नीट तयार होत नाहीत, त्यामुळे पंख दुप्पट असूनही ती उडू शकत नाही.