पार्श्वभूमी: क्षमतेचा खर्च कोणाच्या माथी?

बेळगावच्या उद्यमबाग आणि मच्छे भागातल्या फाउंड्रीवाल्यांना विजेच्या वेळेनुसार बदलणारे दर नवे नाहीत. उच्चदाबाच्या मोठ्या ग्राहकांसाठी कर्नाटकात बरीच वर्षे संध्याकाळी ६ ते १० युनिटमागे १ रुपया जादा आणि रात्री १० ते सकाळी ६ युनिटमागे १ रुपया सूट अशी रचना होती. इंडक्शन भट्टीत एक टन बीड वितळवायला साधारण ६०० युनिट लागतात. म्हणजे तोच टन संध्याकाळी सातऐवजी रात्री साडेदहाला वितळवला, तर सुमारे १२०० रुपये वाचतात. त्यातून रात्रपाळीची मजुरी वजा जाते, आणि भट्टी मध्येच थंड झाल्याने अस्तराला तडे जातात तो खर्चही धरावा लागतो. तरीही ज्यांना जमलं, त्यांनी वितळण रात्रीवर नेलं.

हा दर मुळात आला कुठून, आणि आता दुपारच्या सौरतासांची भाषा का सुरू झाली, हे समजायचं तर एका जुन्या प्रश्नाकडे जावं लागतं: वीज तयार करण्याचा खर्च आणि वीज कधीही देता यावी म्हणून यंत्रणा उभी ठेवण्याचा खर्च वेगळे आहेत. त्यातला दुसरा कोणी भरायचा?

१८९२ मध्ये इंग्लंडमधल्या एका अभियंत्याने हा फरक स्पष्टपणे मांडला. कोळसा जळतो तो युनिटांच्या हिशोबाने, पण जनित्र आणि तारा किती मोठ्या हव्यात हे ठरतं सगळ्यांनी एकाच वेळी दिवे लावले त्या क्षणावरून. म्हणून बिलाचे दोन भाग करावेत, असं त्याचं म्हणणं होतं. त्याच दशकात ब्रायटनमध्ये कमाल मागणी नोंदवणारा मीटर वापरात आला. आज आपल्या बिलावर जो डिमांड चार्ज दिसतो, त्याचा उगम इथे आहे.

या पद्धतीत एक खोट मात्र राहून गेली. तो मीटर ग्राहकाची स्वतःची कमाल मागणी मोजतो, यंत्रणेची नाही. पहाटे तीनला सर्वाधिक वीज घेणारा कारखाना आणि संध्याकाळी साडेसातला घेणारा कारखाना दोघांना सारखाच डिमांड चार्ज लागतो. यंत्रणा मोठी करायला लावतो तो दुसरा. पहिला रिकाम्या तारेतून वीज घेतो.

फ्रान्समध्ये राष्ट्रीयीकरण झालेल्या वीज कंपनीतल्या एका अभियंता-अर्थशास्त्रज्ञाने १९४९ मध्ये याचं उत्तर मांडलं, आणि १९५० च्या दशकात तिथे मोठ्या ग्राहकांसाठी ऋतू आणि तासांनुसार दर लागू झाले. १९५७ मध्ये एका अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाने तोच प्रश्न दोन आलेखांत उलगडून दाखवला. बेळगावातल्या आजच्या वादाची किल्ली तिथे आहे, म्हणून त्यावर थोडा वेळ देतो.

एक उपकेंद्र धरू. आकडे कल्पित आहेत, फक्त हिशोब दिसावा म्हणून. सारख्या लांबीचे दोन कालखंड: संध्याकाळ आणि रात्र. वीज तयार करण्याचा चालू खर्च युनिटला ३ रुपये. यंत्रणेचा खर्च एका कालखंडाच्या तासांवर वाटला, तर युनिटला ४ रुपये पडतो. संध्याकाळची मागणी ‘शंभर वजा दराच्या पाचपट’ मेगावॉट, रात्रीची ‘साठ वजा दराच्या पाचपट’.

आता संध्याकाळचा दर ७ रुपये (३ अधिक ४) आणि रात्रीचा ३ रुपये ठेवला, तर संध्याकाळी ६५ मेगावॉट लागतात आणि रात्री ४५. मागणीचं शिखर संध्याकाळीच आहे, यंत्रणा ६५ मेगावॉटची पुरते आणि तिचा सगळा खर्च संध्याकाळचा ग्राहक भरतो. रात्रीचा ग्राहक काहीच भरत नाही, आणि ते न्याय्य आहे, कारण त्याच्यासाठी एकही तार जाड करावी लागलेली नाही. रात्रीच्या सवलतीमागचं तत्त्व हेच. कारखान्यावर केलेली मेहेरबानी असं तिला म्हणणं चूक आहे.

पण हे सगळं एका अटीवर उभं आहे: शिखर जागचं हलता कामा नये.

समजा, काही वर्षांत भट्ट्या रात्रीवर गेल्या, शेतीपंपांची रात्रीची पाळीही त्याच लाईनवर आली, आणि रात्रीची मागणी ‘नव्वद वजा दराच्या पाचपट’ झाली. दर तेच, ७ आणि ३. संध्याकाळी पूर्वीसारखेच ६५ मेगावॉट. रात्री मात्र ७५. शिखर रात्री सरकलं. यंत्रणा आता ७५ मेगावॉटची हवी. कालखंडातल्या प्रत्येक तासामागे, हजार रुपयांत मोजला तर, यंत्रणेचा खर्च ३०० (७५ गुणिले ४), आणि वसुली फक्त संध्याकाळच्या ग्राहकाकडून २६०. चाळीसची तूट, आणि ज्याच्यामुळे यंत्रणा वाढली तो फुकट.

मग जादा दर रात्रीवर टाकून, म्हणजे ३ आणि ७ करून चालेल का? नाही. मग संध्याकाळी ८५ लागतील आणि शिखर परत तिथे. सपाट ५ रुपये लावले तर संध्याकाळी ७५, रात्री ६५, वसुली २८० आणि खर्च ३००. तेही जमत नाही.

बरोबर उत्तर आहे संध्याकाळी ६ आणि रात्री ४. दोन्ही वेळा मागणी ७० मेगावॉट येते. चालू खर्चाच्या वर संध्याकाळचा ग्राहक युनिटला ३ रुपये आणि रात्रीचा १ रुपया देतो, मिळून ४. वसुली २१० अधिक ७० म्हणजे २८०. यंत्रणेचा खर्चही ७० गुणिले ४, म्हणजे २८०. दोघंही यंत्रणा पूर्ण वापरतात, म्हणून दोघंही तिचा खर्च वाटून घेतात. पण निम्मा-निम्मा नाही. ज्याची गरज जास्त, त्याचा वाटा जास्त. आणि ही वाटणी कायमची नाही, मागणी बदलली की ती पुन्हा मांडावी लागते. आपल्याकडचे दर मात्र एकदा ठरलेल्या घड्याळावर वर्षानुवर्षे चालतात.

सीमेपलीकडे हे तत्त्व वेगळ्या रूपात दिसतं. कागल, गोकुळ शिरगाव, शिरोलीच्या औद्योगिक वसाहतींत बेळगावकरांचे सगेसोयरे आहेत, त्यामुळे बिलांची तुलना नेहमी होते. महाराष्ट्रात गेल्या दशकात बराच काळ उच्चदाब उद्योगांना सकाळी ९ ते १२ युनिटला ८० पैसे जादा, संध्याकाळी ६ ते १० ला १ रुपया १० पैसे जादा आणि रात्री दीड रुपया सूट होती. त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे डिमांड चार्जसाठी सकाळी ६ ते रात्री १० मधलीच कमाल मागणी धरली जायची. रात्रीची मागणी त्या हिशोबात येत नव्हती. पहिल्या उदाहरणातलं तत्त्व थेट बिलात उतरलं होतं, आणि त्याची अटही तीच: रात्र शिखर होत नाही तोवर.

बेळगाव जिल्ह्यात या हिशोबाचा मोठा तुकडा दरांच्या बाहेर आहे. कर्नाटकात १० अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना वीज मोफत आहे. अथणी, रायबाग, चिकोडीच्या उसाच्या पट्ट्यात कृष्णेवरून पाणी उपसणाऱ्या शेतकऱ्याला दराने काहीच सांगता येत नाही. त्याला घड्याळाने सांगितलं जातं: थ्री फेज लाईट अमुक तास, या आठवड्यात दिवसा, पुढच्या आठवड्यात रात्री. गावठाणाची लाईन शेतीच्या लाईनपासून वेगळी करण्याचं काम झाल्यावर हे सोपं झालं. म्हणजे शिखर सरकवण्याचा सर्वात मोठा खेळ इथे दराविना झाला, आणि त्याची किंमत थंडीत, विंचूकाट्यात रात्री दारं धरणाऱ्या माणसाने मोजली. ती कुठल्याही दरपत्रकात नोंदलेली नाही.

नंतरच्या घडामोडी भराभर आल्या. २००२ मध्ये वितरणाचं काम वेगवेगळ्या कंपन्यांत वाटलं गेलं आणि बेळगाव हुबळीला मुख्यालय असलेल्या कंपनीकडे गेलं. २००३ च्या वीज कायद्याने पुरवठ्याच्या वेळेनुसार दरात फरक करायला स्पष्ट मुभा दिली. पण हिशोब उलटा केला तो सूर्याने. एकट्या पावगडच्या सौर उद्यानातून २००० मेगावॉटच्या घरात वीज दुपारी येऊ लागली. रात्रीची सूट ज्या काळात ठरली, तेव्हा औष्णिक संच रात्री पूर्ण बंद करता येत नसत आणि त्यांची वीज खपवायची असे. आता सर्वात स्वस्त वीज दुपारी असते आणि सूर्य मावळताच संध्याकाळचा चढ सुरू होतो. शेतीपंपही शक्य तिथे दिवसा वळवले जात आहेत. शेतकऱ्याची रात्र त्यातून सुटली तर ते चांगलंच.

जून २०२३ मध्ये केंद्राने नियम बदलले. १० किलोवॉटच्या वर मागणी असलेल्या व्यापारी आणि औद्योगिक ग्राहकांना १ एप्रिल २०२४ पासून, आणि शेती सोडून बाकीच्यांना १ एप्रिल २०२५ पर्यंत वेळेनुसार दर लावायचे ठरले. शिखर तासांत उद्योग-व्यापाराला नेहमीच्या किमान १.२ पट, इतरांना किमान १.१ पट. दिवसातले आठ सौरतास किमान २० टक्के स्वस्त. कोणते तास, ते राज्याच्या आयोगाने ठरवायचं.

माझा आक्षेप पटींच्या आकड्यांवर नाही. ही पट फक्त युनिटमागच्या दराला लागते, डिमांड चार्जला नाही. यंत्रणेचा खर्च वसूल होतो तो भाग घड्याळाबाहेरच राहतो. दुपारी भट्टी चालवणाऱ्या फाउंड्रीला युनिट स्वस्त मिळेल, पण तिची कमाल मागणी दुपारी नोंदली काय आणि संध्याकाळी नोंदली काय, डिमांड चार्ज तोच. १८९२ मधली खोट २०२३ च्या नियमांनी तशीच ठेवली.

दुसरी अडचण स्थानिक आहे. राज्याचं शिखर आणि उपकेंद्राचं शिखर एकाच वेळी येईलच असं नाही. दिवसा थ्री फेज मिळणाऱ्या रायबागच्या शेतीच्या लाईनवर ट्रान्सफॉर्मर दुपारी भरतो, त्याच वेळी राज्याच्या दृष्टीने दुपार स्वस्त असते. बेळगाव शहराच्या लाईनवर चढ संध्याकाळी. एकाच दरपत्रकात दोघांना बसवलं, तर एका ठिकाणी सवलत बरोबर आणि दुसऱ्या ठिकाणी तीच सवलत ट्रान्सफॉर्मर जाळणारी ठरू शकते.

शिखर खरंच सरकलं का, हे कळायला मोठा अभ्यास लागत नाही. कमाल मागणी कोणत्या तारखेला, किती वाजता नोंदली गेली, हे उपकेंद्राच्या मीटरमध्ये असतं. सवलत सुरू होण्याच्या मिनिटाला भाराची रेघ पायरीसारखी वर उडाली आणि महिन्याची कमाल मागणी त्याच तासात पडू लागली, तर शिखर सवलतीच्या वेळेतच तयार झालं. तेव्हा त्या तासांनाही यंत्रणेच्या खर्चाचा वाटा लावायला हवा, वरच्या उदाहरणातल्या एका रुपयाएवढा का होईना. दरनिश्चितीच्या जाहीर सुनावणीत बेळगावच्या उद्योजकांनी सूट किती हे विचारण्याआधी आपल्या उपकेंद्रांच्या या नोंदी मागायला हव्यात.